गरुड तेजोमेघाचं चित्र लोकांना समजावून सांगण्याआधी

लॅपटॉप, केबल, मोठ्या आकाराची फाइल, हे सांगायला नकोच. चित्र हबल अवकाश दुर्बिणीनं १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघातल्या खांबांचं. कोपऱ्यातल्या काळ्या पायऱ्यांबद्दल कुणीतरी विचारतंच. दुर्बिणीच्या त्या उपकरणातल्या चारपैकी एक कॅमेरा जास्त बारकावे टिपणारा होता, त्याचं चित्र लहान करून बसवल्यावर जागा रिकामी उरते. एवढं सांगून पुढे चला.

फिल्टर आणि त्यांचे रंग कागदावर लिहा: F673N गंधक, लाल, F656N हायड्रोजन, हिरवा, F502N ऑक्सिजन, निळा. दुसरं चित्र घेतलंत तर त्याच्या सोबतची माहिती वाचा, कारण काही जण हायड्रोजनला लाल देतात. खरं तर गंधक आणि हायड्रोजन दोघांचाही प्रकाश लालच असतो, डोळ्याला वेगळा काढता येत नाही. म्हणून तरंगलांबीच्या क्रमानं रंग फाकवलेत.

आता मागच्या वेळी राहिलेलं, त्यामुळे नीट वाचा. रंगीत चित्र तिन्ही फिल्टरांतून घेतलेली करडी चित्रं जोडून होतं, पण ती सारखी उजळलेली नसतात. हायड्रोजन इतका तेजस्वी असतो की जसंच्या तसं जोडलं तर सगळं हिरवंगार दिसेल, म्हणून गंधक आणि ऑक्सिजन बरेच जास्त उजळतात. तेव्हा ‘इथे निळं, म्हणजे इथे ऑक्सिजन जास्त’ असं म्हणायचं नाही. मी म्हणालो होतो, आणि पहिल्याच रांगेतून प्रश्न आला. रंगावरून प्रमाण सांगायचं नाही. पडताळा ताऱ्यांवरून घ्या. तारे तिन्ही फिल्टरांतून प्रकाश देतात, पण लाल-निळं जास्त उजळल्यानं ते जांभळट-गुलाबी होतात. पांढरे दिसले तरी निर्धास्त होऊ नका, ते नंतर दुरुस्तही करतात.

मग रंग काय सांगतो? खांबाच्या टोकावर बोट ठेवा. आतला काळोख म्हणजे धूळ आणि थंड वायू. कडेची पिवळट-तांबूस किनार म्हणजे गंधक आणि हायड्रोजन दोन्ही. गंधकाचा एक इलेक्ट्रॉन निघायला १०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पुरते, हायड्रोजनला १३.६ लागतात, त्यामुळे प्रकाश जिथे नुकताच वायूला भिडतो तिथल्या पातळ सालीत गंधक उठून दिसतं. ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ३५ लागतात, म्हणून निळं दिसतं ते बाहेरच्या मोकळ्या, विरळ वायूत, जिथे उष्ण ताऱ्यांचे कडक अतिनील किरण थेट पोचतात. म्हणजे निळं किरणांचा कडकपणा सांगतं. प्रमाण नाही. पुन्हा सांगतो, प्रमाण नाही.

उरलेलं पटकन: चित्रात उत्तर दिशा कुठे ते बघा, अंतर साधारण साडेसहा हजार प्रकाशवर्षं, श्रेय लिहा. तिन्ही फिल्टरांच्या करड्या प्रती सोबत ठेवा, पण मूळ निरीक्षणांतून काढलेल्या. रंगीत चित्राचे लाल-हिरवा-निळा तोडून केलेल्या चालणार नाहीत, त्यात नंतरची रंगदुरुस्ती मिसळलेली असते.