‘अजून सिंगल कसे?’ला दोन ओळींचं उत्तर

डेटिंग अ‍ॅपवर मॅच झाली की तिसऱ्या-चौथ्या मेसेजला हा प्रश्न येतोच आणि आपण उगाच सफाई द्यायला लागतो. मी आता दोनच ओळी लिहिते: एक खरं, छोटं कारण आणि लगेच त्याच धाग्यातला प्रश्न.

उदाहरणार्थ: “दोन वर्षं नोकरीसाठी शहरं बदलत होते, आता पुण्यात स्थिरावलेय. तुम्ही इथलेच की कामासाठी आलात?”

प्रश्न महत्त्वाचा; तो नसेल तर पुढचा मेसेज “म्हणजे नक्की काय झालं?” असाच येतो. “योग्य माणूस भेटला नाही” टाळा, त्यावर समोरच्याला बोलायला काही उरत नाही.

घटस्फोट किंवा मोडलेला साखरपुडा असेल तर तपशील भेटीसाठी ठेवा, पण “कधीच कुणी नव्हतं” असं खोटं लिहू नका.