टायर बदलताना या चुका टाळा: नुसता साइज सांगून भागत नाही

दुकानात फोन करून ‘एकशेपंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा आहे का?’ असं विचारलं, भाव ठरला आणि टायर चढले. यात टायरवरच्या मजकुराचा जेमतेम अर्धा भाग वापरला गेला. मधल्या आकाराच्या बऱ्याच मोटारींवर दिसणारी ही ओळ पूर्ण वाचून पाहू:

```
185/65 R15 88H
```

१८५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ती बाजूच्या फुगवट्यापाशी, सर्वांत रुंद जागी मोजलेली असते, रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची नव्हे. म्हणून जुना टायर पट्टीने मोजून साइज काढू नये. ६५ हे टक्के आहेत: बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी. आर म्हणजे रेडियल बांधणी. पुष्कळ जण त्याला रिमची त्रिज्या समजतात. १५ हा मात्र रिमचा इंचातला व्यास.

जुन्या टायरवरचं वाचून तेच मागवणं ही पहिली चूक. गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने साइज बदललेला असू शकतो. स्टेपनीवरही विसंबू नये, कारण अलॉय व्हील असलेल्या काही गाड्यांत स्टेपनी लहान रिमची असते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं, नाहीतर गाडीचं मॅन्युअल. तिथला साइज प्रमाण मानावा, आणि तोही आपल्याच व्हेरियंटचा.

दुसरी चूक ‘एक नंबर मोठा टाका, रोडग्रिप चांगली मिळेल’ या सल्ल्याची. `195/65 R15` त्याच रिमवर बसतो, पण आकडेमोड करून बघा. मूळ टायरचा बाहेरचा व्यास ६२१.५ मिमी, याचा ६३४.५. वाढ दोन टक्क्यांची. स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा तेवढा कमी दाखवतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लॅस्टिकला घासू शकतो. रुंदी वाढवायचीच असेल तर टक्के उतरवावे लागतात: `195/60 R15` चा व्यास ६१५ मिमी, म्हणजे फरक एक टक्का. तरीही तो गाडीच्या कंपनीने मान्य केलेल्या साइजांत आहे का, हे आधी बघावं.

सगळ्यात महाग पडते ती शेवटच्या `88H` कडे केलेली डोळेझाक. ८८ हे किलो नव्हेत, तक्त्यातला क्रमांक आहे. त्याचा अर्थ एका टायरवर कमाल ५६० किलो. त्याऐवजी ८४ क्रमांकाचा टायर बसवला तर मर्यादा ५०० किलोवर येते. मागच्या दोन चाकांची मिळून क्षमता १,१२० वरून १,००० किलो झाली. रिकाम्या गाडीत फरक कळत नाही. पाच माणसं, भरलेली डिकी आणि थोडी कमी हवा असं जमून आलं की टायरची बाजू जास्त दबते, प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि तापते. फुटण्याची सुरुवात या तापण्यातून होते.

एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत, टी म्हणजे १९०. समृद्धीवरही मर्यादा १२० ची, मग एच कशाला, असा प्रश्न येतो. हे अक्षर नुसत्या वेगाचं नाही, भार घेऊन सतत पळताना उष्णता सोसण्याचंही आहे. कंपनीने एच दिला असेल तर खाली उतरू नये. वर गेलेलं चालतं. अक्षरं वर्णक्रमाने लावू नका: एच हा टी आणि यू यांच्या वर, व्हीच्या खाली येतो.

आता तारीख. `DOT` पासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. `0823` हा ऑगस्ट २०२३ नव्हे, २०२३ चा आठवा आठवडा, म्हणजे फेब्रुवारी. असा सहा महिन्यांचा घोळ दुकानात सहज होतो. हे चार आकडे बहुतेकदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू गाडीच्या आत गेली की दिसत नाही. म्हणून टायर रिमवर चढण्याआधीच चारही टायरांच्या दोन्ही बाजू फिरवून बघाव्यात. बसवलेल्या टायरचे आकडे बाहेर दिसत नसतील तर मोबाइल चाकामागे धरून व्हिडिओ काढा, वाचता येतात.

सावलीत नीट ठेवलेला वर्षभरापूर्वीचा टायर घ्यायला हरकत नाही. तीन वर्षांचा ‘नवा’ टायर मात्र आम्ही परत करू, निदान पूर्ण भावाने घेणार नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षं झालेला टायर नक्षी शाबूत असली तरी काढावा. यात स्टेपनी हमखास सुटते: न वापरल्यामुळे ती कोरी दिसते, पण तिचं वय गाडीइतकंच असतं.

बाजूवर कमाल हवेचा आकडाही असतो, बऱ्याच टायरांवर ५१ पीएसआय. तेवढी हवा भरू नका. ती टायरची कमाल मर्यादा आहे. भरायचा आकडा दाराजवळच्या त्याच स्टिकरवर असतो, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा.