गावच्या पंचायतीत प्राणी बसवताय? नावं ठेवताना या चुका टाळा

मागच्या गणपतीत आमच्या मंडळाच्या पोरांसाठी पंधरा मिनिटांची प्राण्यांची नाटुकली लिहिली होती. सीन एकच, ग्रामपंचायतीची मीटिंग, आणि भांडण कशावरून तर टँकर आधी वरच्या आळीत की खालच्या. पहिला ड्राफ्ट वाचून दाखवला आणि पाचव्या मिनिटाला पोरं मोबाईल काढून बसली. गोष्ट बरी होती हो, नावं गंडली होती.

सरपंच होता सिंह, नाव वनराज. इथंच पहिली माती खाल्ली. वनराज जन्मानंच राजा, त्याला कोण विचारणार की टँकरचं बिल दाखवा? सरपंच निवडून येतो, पाच वर्षांनी परत हात जोडून दारोदार फिरतो, त्यामुळे मीटिंगमध्ये शेवटच्या बाकावरची शेळीसुद्धा त्याला उलटं बोलू शकते. नावातच 'राज' घातलं की बाकीचे सगळे प्रजा होतात आणि पंचायतीचा दरबार होतो. मग सिंह काढला आणि बैल घेतला, नाव सर्जा.

आणि इथं खरी गंमत सापडली. सर्ज्या, सर्जा, सर्जेराव ही तीन नावं बघा, बैल एकच पण हुद्दे तीन. आई हाक मारते सर्ज्या, गाव म्हणतं सर्जा, आणि निकालाच्या संध्याकाळी गुलाल पडला की तोच कोल्हा जो काल 'ए सर्ज्या' म्हणत होता तो 'सर्जेराव, चहा घेणार ना' करतो. सरपंच झाला हे वेगळं सांगायलाच लागत नाही. म्हणून बहुतेक जण करतात तसं एका पात्राला एकच नाव चिकटवून ठेवू नका, कोण कोणाला काय हाक मारतो ते आधी लिहून काढा. शेवटच्या सीनमध्ये मी कोल्ह्याला परत 'सर्जा' म्हणायला लावलं, फक्त 'राव' गेला, आणि सरपंचाची खुर्ची हलली हे मागं बसलेल्या आज्यांनापण कळलं.

दुसरी चूक सगळ्यात कॉमन, म्हणजे नावातच निकाल लावून टाकायचा. माझा कोल्हा होता कपटराव. तो तोंड उघडायच्या आधीच व्हिलन, मग त्याच्या बोलण्याला कोण भुलणार, आणि सर्जेराव भुलला तर तोच येडा दिसतो. नावातून स्वभाव दिसू दे, शेवट नको. पंचतंत्रात घुबडांच्या राजाचा एक मंत्री आहे रक्ताक्ष, म्हणजे लालबुंद डोळ्यांचा, ऐकूनच वाटतं हा भडक माणूस. शत्रूकडचा म्हातारा कावळा आसरा मागायला येतो तेव्हा हा एकटा म्हणतो मारून टाका, बाकीचे म्हणतात ठेवून घेऊ. आणि बरोबर तोच ठरतो, कावळा शेवटी घुबडांची गुहाच पेटवून देतो. नाव तापट, सल्ला शहाणा. ही फट ठेवली की ऐकणारा शेवटपर्यंत बसतो. मी कपटरावाचा गूळतात्या केला, गोड बोलतो एवढंच कळतं, आता तो गोडवा खरा की खोटा ते टँकर आल्यावर बघा.

तिसरी चूक जरा नाजूक आहे. आधी गूळतात्याचं नाव मी 'गोडबोले' ठेवणार होतो, मस्त कोटी होती, पण ते खरं आडनाव आहे आणि आपल्याकडं आडनाव आलं की जात आली. तसंच हिशोब लिहिणाऱ्या बगळ्याला 'पंत' लावलं की गोष्ट टँकरची राहत नाही, दुसऱ्याच वादात जाते. पर्याय गावातच आहे. ग्रामसेवकाला आपल्याकडं सर्रास भाऊसाहेब म्हणतात, त्यात हुद्दा आहे, अंतर आहे, जात नाही. बगळा झाला भाऊसाहेब, एका पायावर उभा राहून प्रोसिडिंग लिहितो आणि भांडण वाढलं की दुसरा पाय हळूच खाली टेकवतो. शिपाई कुत्रा टिप्या, त्याला सगळे अरेतुरे करतात.

बायकांचं पण बघा, माझ्या ड्राफ्टमध्ये सगळ्या नरांना राव आणि तात्या, आणि सदस्य असलेली म्हैस नुसती 'म्हैस'. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत राव! तिची चंद्राक्का केली, आणि 'अक्का' लागल्याबरोबर पोरांनी तिचे डायलॉग आपोआप ठसक्यात म्हटले.

नावं जमलीत का ते बघायचं असेल तर कोण बोलतंय ते झाकून फक्त संवाद आणि वेगळी नावांची यादी कोणाला तरी वाचायला द्या, ज्याने गोष्ट ऐकलेली नाही अशाला. मी शेजारच्या काकूंना दिले. 'टँकर आला तर आधी नोंद, मग पाणी' हे कोण म्हणतंय विचारलं तर त्या म्हणाल्या भाऊसाहेब असणार. सर्जेराव पण ओळखला. टिप्याला मात्र त्या सदस्य समजल्या, कारण मी त्याला 'माझं असं मत आहे की' असं वाक्य दिलं होतं. तिथं नाव बदलून उपयोग नव्हता, वाक्यच बदललं, आता तो म्हणतो 'साहेब, टँकर फाट्यावर उभाय, कुठं लावू?'