मागणीपत्राचा साचा पाठ, मजकूर मात्र घरगुती: माझा अनुभव

नाशिकमधल्या माझ्या आठवीच्या वर्गाला साचा पाठ होता. तरी रोपवाटिकेच्या व्यवस्थापकांना ‘आपण कसे आहात?’ विचारायचे आणि विषय नुसता ‘रोपांबाबत’. नमुना उतरवून घेतला, लाल शेरे मारले, फरक शून्य. वैताग आला होता.

शेवटी क्रम बदलला. आधी फक्त विषय: ‘शाळेतील वृक्षारोपणासाठी ५० रोपे मिळणेबाबत’. मग मजकूर: आपण कोण, काय हवं, किती, कधीपर्यंत. नमुना त्यानंतरच दाखवला आणि दिनांक, प्रति, महोदय, ‘आपली विश्वासू’, पत्ता जोडून घेतलं.

तपासणी शेजाऱ्याकडे. विषय झाकून वाच. मागणी कळते का? ‘प्रति’खाली पद आहे का? खुशाली, ‘तीर्थरूप’, ‘लाडकी’ कुठे शिरलंय का? पहिल्या प्रश्नानेच बहुतेक चुका पकडल्या. तक्रारपत्राला मात्र ‘कधीपासून?’ हा प्रश्न वाढवावा लागतो.