राउथचा तक्ता मांडायला बसण्याआधी

उदाहरण मोटरच्या पोझिशन लूपचे घेऊ. मोटरचा टाइम कॉन्स्टंट ०.२ सेकंद, अ‍ॅम्प्लिफायरचा ०.०५ सेकंद, आणि वेगापासून कोनापर्यंत जाताना एक इंटिग्रेटर. म्हणजे ओपन लूप `K / (s(0.2s+1)(0.05s+1))`. फीडबॅक युनिटी आणि निगेटिव्ह. प्रश्न एकच: लूप अस्थिर न होता गेन K कुठपर्यंत वाढवता येईल? राउथचा तक्ता याचे उत्तर बहुपदीची मुळे न काढता देतो.

तक्त्याला हात लावण्याआधी K म्हणजे नेमके काय, हे कागदावर लिहून घ्या. बहुतेक चुकीची उत्तरे इथेच जन्मतात, तक्त्यात नाही. वरचा K टाइम कॉन्स्टंट रूपातला आहे. कोणी तोच प्लांट `K / (s(s+5)(s+20))` असा लिहिला, तर त्याचा K आपल्या K च्या शंभरपट असतो. त्याची मर्यादा २५०० येईल, आपली २५, आणि दोन्ही उत्तरे बरोबरच. शिवाय हा K एका नॉबवर बसलेला नसतो. सेन्सर रेडियनला २ व्होल्ट देतो आणि मोटर व्होल्टमागे १.२५ रेडियन प्रति सेकंद फिरते असे धरा. मग K म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर गेनच्या अडीचपट. शेवटी उत्तर नॉबच्या भाषेत सांगायचे आहे, म्हणून हा अडीचचा गुणाकार आधीच टिपून ठेवा.

मग `1 + G(s) = 0` लिहा आणि छेद नीट गुणून घ्या. बहुपदी येते `0.01s³ + 0.25s² + s + K`. एखादा घात गायब असेल किंवा K सोडून इतर सहगुणकांत कुठे उणे चिन्ह असेल, तर तिथेच थांबा: अशा तिसऱ्या घाताच्या लूपला K कितीही फिरवला तरी स्थैर्य मिळत नाही. सुरुवातीचे सहगुणक पहिल्या दोन ओळींत आलटूनपालटून भरायचे:

```
s^3 |  0.01        1
s^2 |  0.25        K
s^1 |  1 - 0.04K   0
s^0 |  K
```

तिसरी ओळ `(0.25×1 − 0.01×K)/0.25` अशी आली. पहिला स्तंभ सगळा धन हवा, म्हणजे `0 < K < 25`. नॉबवर हे शून्य ते दहा. K=२५ ला तिसरी ओळ शून्य होते; तिच्या वरच्या ओळीवरून `0.25s² + 25 = 0`, म्हणजे `s = ±j10`. लूप सेकंदाला १० रेडियनने, सुमारे ०.६३ सेकंदाच्या आवर्तकाळाने झुलत राहील. हा आकडा जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे काम संपले असे समजणे मला पटत नाही. २४ ला लूप स्थिर आहे म्हणजे फक्त एवढेच, की झोके कधीतरी विरतील. केव्हा, ते तक्ता सांगत नाही. त्यासाठी आणखी एक पान लागते. सगळे पोल, म्हणजे या बहुपदीची मुळे, −१ च्या डावीकडे हवेत असे ठरवा, म्हणजे साधारण चार सेकंदांत लूप बसेल. बहुपदीला १०० ने गुणून `s = z − 1` टाका, `z³ + 22z² + 53z + (100K − 76)` येते. त्याचा तक्ता सांगतो `0.76 < K < 12.42`. वरची मर्यादा जवळजवळ निम्मी झाली हे अपेक्षितच आहे. खालची मर्यादा नवी आहे: गेन फार कमी ठेवला, तर मूळबिंदूजवळचा पोल −१ पर्यंत सरकतच नाही आणि लूप रेंगाळते. मी तरी नॉब पाचच्या खालीच ठेवीन.

बाकी थोडक्यात. डेड टाइम बहुपदीत मावत नाही. असेल तर त्याचे पादे रूप घ्यावे लागते, घात वाढतो आणि उत्तर अंदाजाचे होते. उत्तर पडताळायला पायथॉन जवळ असेल तर:

```
import numpy as np
print(np.roots([0.01, 0.25, 1, 25]))
```

उत्तरात −२५ आणि साधारण ±10j यायला हवे.

बेंचवर जाताना स्टॉपवॉच किंवा स्कोप, आणि मोटरला लोड घट्ट बसवलेला. नॉब हळूहळू चढवा. झोके दहाच्या आसपास सुरू झाले आणि आवर्तकाळ ०.६३ सेकंदाजवळ असेल, तर मॉडेल जमले. सातलाच सुरू झाले आणि आवर्तकाळ लांबला असेल, तर तुम्ही न धरलेला एखादा लॅग लूपमध्ये आहे; आधी सेन्सरचा फिल्टर तपासा. दहाच्या पुढे गेल्यावरही झोके ठरावीक उंचीवरच थांबले, तर ते स्थैर्य समजू नका. अ‍ॅम्प्लिफायर सॅच्युरेट झाला आहे.