मूळ किती वेळा आले आहे, ते आधी पाहावे

सांगलीत विश्रामबागेत मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून विज्ञान शाखेत आलेल्या मुलांना बहुपदीची मुळे काढता येतात, परंतु त्या मुळापाशी आलेख X-अक्ष ओलांडून पलीकडे जातो की अक्षाला टेकून त्याच बाजूला परततो, हे विचारले की बहुतेक जण आलेखाचा आकार आठवून उत्तर देतात. या प्रश्नाचे उत्तर आकारात शोधू नये, चिन्हात शोधावे, असे माझे मत आहे.

उदाहरण म्हणून p(x) = x⁵ − x⁴ − 5x³ + x² + 8x + 4 ही बहुपदी घेऊ. x = −1 ठेवल्यास किंमत शून्य येते. पुष्कळ मुले येथे थांबून पुढच्या मुळाकडे वळतात, मात्र याच जागी −1 ने संश्लेषक भागाकार पुन्हा पुन्हा करत राहणे आवश्यक असते. पहिल्या भागाकारात 1, −2, −3, 4, 4 हे सहगुणक मिळतात आणि बाकी शून्य उरते. दुसऱ्यात 1, −3, 0, 4 आणि बाकी पुन्हा शून्य. तिसऱ्यात 1, −4, 4 आणि बाकी तिसऱ्यांदाही शून्य. चौथ्या वेळी मात्र बाकी 9 येते. याचा अर्थ (x + 1) हा अवयव बरोबर तीन वेळा आहे, म्हणजेच −1 या मुळाची मल्टिप्लिसिटी 3 आहे. राहिलेला x² − 4x + 4 हा भाग (x − 2)² असल्यामुळे p(x) = (x + 1)³(x − 2)² असे रूप मिळते.

आता 2 च्या अगदी जवळ काय घडते ते पाहू. तेथे (x + 1)³ ची किंमत 27 च्या आसपास, म्हणजे धनच राहते, त्यामुळे चिन्हाचा निर्णय एकट्या (x − 2)² वर येऊन पडतो आणि वर्ग कधीच ऋण होत नाही. p(1.9) सुमारे 0.24 आणि p(2.1) सुमारे 0.30 येते, दोन्ही बाजूंना आलेख अक्षाच्या वरच आहे, म्हणून तो 2 पाशी टेकून परततो. −1 जवळ (x − 2)² ची किंमत 9 च्या आसपास धन राहते आणि निर्णय (x + 1)³ कडे जातो. ऋण संख्येचा घन ऋण असल्यामुळे p(−1.1) सुमारे −0.0096 आणि p(−0.9) सुमारे 0.0084 येते, म्हणजे आलेख खालून वर जातो. घातांक सम असेल तर चिन्ह टिकते आणि विषम असेल तर बदलते, यामागचे कारण एवढेच आहे. म्हणून हा नियम मी कधीही नुसता पाठ करायला सांगत नाही.

खरी अडचण −1 पाशीच येते. वरच्या किमती इतक्या लहान आहेत की आलेख कागदावर त्या अक्षाच्या रेघेतच मिसळून जातात. तासगावकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने पेन्सिलीने वक्र काढून मला विचारले होते, "सर, इथे तर रेघ अक्षावरच आडवी झाली आहे, मग हा स्पर्शच नाही का?" प्रश्न अगदी रास्त होता, कारण −1 पाशी X-अक्ष ही त्या वक्राची स्पर्शिका आहेच. मी तिला म्हणालो, "स्पर्शिका आहे हे तुझे बरोबर आहे, आता −1 च्या डावीकडची आणि उजवीकडची एकेक किंमत काढ आणि फक्त चिन्हे लिही." मल्टिप्लिसिटी 2 किंवा त्याहून अधिक असली की वक्र अक्षाला सपाट होऊन भेटतो, तो 3 असतानाही सपाटच असतो, परंतु परतायचे की ओलांडायचे, हे सपाटपणा ठरवत नाही. बारावीत p′(a) = 0 मिळताच "आलेख परततो" असे लिहिणारी मुले नेमकी येथेच चुकतात. p′(−1) आणि p′(2) दोन्ही शून्य आहेत. फरक पुढच्या डेरिव्हेटिव्हमध्ये दिसतो: p″(2) शून्य नाही, तर p″(−1) शून्य आहे आणि p‴(−1) मात्र 54 आहे. जो डेरिव्हेटिव्ह सर्वांत आधी शून्येतर येतो, त्याचा क्रम म्हणजेच मल्टिप्लिसिटी.

अवयव दिलेले असतानाही ते पूर्ण सुटले आहेत का, हे तपासावे. (x − 2)(x² − 4) पाहून 2 हे मूळ एकदाच आहे असे वाटते, पण x² − 4 मध्येही एक (x − 2) दडलेला असल्यामुळे आलेख 2 पाशी अक्ष ओलांडत नाही.

मोबाइलवरील आलेखावरही या बाबतीत विसंबू नये. (x − 1.99)(x − 2.01) हा आलेख नेहमीच्या मापावर 2 पाशी टेकल्यासारखाच दिसतो, कारण दोन मुळांच्या मधोमध त्याची किंमत केवळ −0.0001 इतकी खाली जाते. प्रत्यक्षात तेथे एकेकदा येणारी दोन वेगळी मुळे आहेत आणि आलेख अक्ष दोनदा ओलांडतो. उलट (x − 2)² + 0.0001 चा आलेखही तसाच दिसतो, पण त्याला वास्तव मूळच नाही. हे दोन आणि (x − 2)², या तिन्हींतील भेद चित्र मोठे करून कधीतरी दिसेल. पण x = 2 ठेवून नेमकी किंमत काढली, तर ती पहिल्यात ऋण, (x − 2)² मध्ये शून्य आणि शेवटच्यात धन अशी लगेच वेगळी होते.