ड्राफ्टचा नंबर चुकत होता, तो असा सुटला

आवक नोंदवहीत मी डीडीच्या स्कॅनवरून नोंदी करतो. एकदा महिनाअखेरीस एका ड्राफ्टची नोंद बँकेच्या जमेशी जुळेना. रक्कम बरोबर, नंबर मात्र वेगळाच. तळाच्या पांढऱ्या पट्टीत आकड्यांचे गट असतात, त्यातला भलताच सहा अंकी गट मी उचलला होता.

आता पट्टी डावीकडून वाचतो. पहिले सहा अंक ड्राफ्टचा नंबर, पुढचे नऊ एमआयसीआर कोड. त्या नवातले मधले तीन बँकेचे. उदाहरणार्थ 002 म्हणजे स्टेट बँक. शाखेचे शेवटचे तीन काही ड्राफ्टवर नुसते शून्य असतात, म्हणून देय शाखा छापील मजकुरातच शोधावी लागते. सही-शिक्क्याजवळची शाखा ड्राफ्ट काढणारी असते. तीच देय शाखा म्हणून लिहायची चूकही मी केली आहे!

स्कॅनमध्ये 1 आणि 7 सारखे दिसले, तर अक्षरी रक्कम वाचतो. कायद्यानेही आकडे आणि अक्षरात फरक पडला तर अक्षरी रक्कमच धरतात. तारखेच्या रकान्यात ड्राफ्टवरचीच तारीख लिहितो, कागद हाती आल्याची नाही, कारण तीन महिन्यांची मुदत तिथूनच मोजतात.